प्रश्न एक, पद्धत दुसरीच : प्रबंधाचा आराखडा तपासताना

आपल्या वडगाव, शहापूर, खासबाग भागातील मुले-मुली आता पदव्युत्तर शिक्षण घेऊन पीएच.डी.पर्यंत पोहोचू लागली आहेत. पूर्वी त्यांना धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात जावे लागे. २०१० साली बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले आणि ही वाट जवळची झाली. काहीजण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडेही वळतात. यांपैकी पुष्कळांच्या अभ्यासाचा विषय असतो शिक्षण, आणि त्यातही आपल्याच भागातील मराठी शाळा. साहजिकच ते प्रश्नावल्या घेऊन शाळेत येतात आणि आपला आराखडा नजरेखालून घालावा अशी विनंती करतात.

असे आराखडे वाचताना आम्हाला एक अडचण पुन्हापुन्हा आढळते. संशोधकाने विचारलेला प्रश्न चांगला असतो आणि निवडलेली पद्धतही आपल्या जागी ठीक असते, पण त्या पद्धतीने त्या प्रश्नाचे उत्तर मिळूच शकत नाही. ही चूक आराखड्यात सापडली तर कागदावर दुरुस्त होते. प्रबंध छापून झाल्यावर सापडली तर तीन-चार वर्षांचे श्रम वाया जातात. विश्वस्तांनी त्यातील निष्कर्षांवर विसंबून निर्णय घेतला, तर नुकसान मुलांचेही होते. म्हणून असा आराखडा कसा तपासावा हे एका उदाहरणावरून येथे मांडत आहोत. उदाहरणातील विषय नेहमीचा आहे; आराखडा आणि त्यातील आकडे मात्र समजण्याच्या सोयीसाठी आम्ही धरलेले आहेत.

नमुन्यादाखल एक आराखडा

समजा, प्रबंधाचे शीर्षक आहे : ‘बेळगाव शहरातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांतील पटसंख्येची घट : कारणे, परिणाम व उपाय’. प्रकरणे नेहमीप्रमाणे सहा आहेत. पहिले प्रस्तावना, दुसरे संबंधित साहित्याचा आढावा, तिसरे संशोधन पद्धती, चौथे पालकांकडून मिळालेल्या माहितीचे विश्लेषण, पाचवे शिक्षकांकडून मिळालेल्या माहितीचे विश्लेषण आणि सहावे निष्कर्ष व शिफारशी.

संशोधन प्रश्न चार आहेत. गेल्या दहा वर्षांत पट किती घटला? पालक मराठी माध्यम का सोडतात? शिक्षणाच्या माध्यमाचा मुलांच्या वाचनावर काय परिणाम होतो? पट घटल्यामुळे दोन इयत्ता एकत्र बसवाव्या लागतात, तेव्हा शिक्षक तो वर्ग कसा चालवतात?

पद्धत अशी : पाच मराठी शाळा निवडायच्या. त्या शाळांतील मुलांच्या हाती २०० पालकांकडे ४० विधानांची प्रश्नावली पाठवायची. प्रत्येक विधानापुढे ‘सहमत’, ‘असहमत’, ‘सांगता येत नाही’ असे तीन चौकोन. २५ शिक्षकांना दुसरी प्रश्नावली द्यायची. उत्तरांची शेकडेवारी काढायची आणि काय-वर्ग कसोटी लावायची.

वरवर पाहता सारे नीट दिसते. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातील प्रबंध वाचायला मिळतात. तेथे अशा बांधणीचे शिक्षणविषयक प्रबंध बरेच दिसतील. पण हाच आराखडा प्रश्नागणिक तपासला की वेगळे चित्र दिसते.

कागदावर चार रकाने

आम्ही तपासताना एक साधा कागद आडवा धरून त्यावर चार रकाने आखतो. पहिल्या रकान्यात संशोधन प्रश्न, जसा लिहिला आहे तसाच. दुसऱ्यात, या प्रश्नाचे उत्तर खरोखर कुणाजवळ किंवा कशात आहे ते. तिसऱ्यात, आराखड्याप्रमाणे संशोधक कुणाकडे जाणार आणि काय करणार ते. चौथ्या रकान्यात, हे सर्व पार पडल्यावर प्रबंधात जे वाक्य लिहिता येईल ते वाक्य.

चौथा रकाना सर्वांत उपयोगी पडतो. माहिती गोळा होण्यापूर्वीच निष्कर्षाचे वाक्य आकड्याची जागा मोकळी ठेवून लिहायचे : ‘२०० पैकी अमुक पालकांच्या मते...’. मग ते वाक्य पहिल्या रकान्यातील प्रश्नाशेजारी ठेवून मोठ्याने वाचायचे. प्रश्नाचे उत्तर मिळाल्यासारखे वाटले तर पद्धत जुळली. न वाटल्यास प्रश्न आणि पद्धत यांची गाठ पडलेली नाही असे समजावे. यासाठी संख्याशास्त्र यावे लागत नाही. दहावीचा विद्यार्थीही हे करू शकेल.

आता आपल्या आराखड्यातील चारही प्रश्न या कागदावर घेऊ.

पहिला प्रश्न : पट किती घटला?

आराखड्याप्रमाणे पालकांना विधान दिले आहे : ‘मराठी शाळांचा पट घटत आहे.’ चौथ्या रकान्यात वाक्य येईल, ‘२०० पैकी १८० पालक या विधानाशी सहमत आहेत.’ हे पालकांचे मत झाले. प्रश्न होता किती घटला. त्याचे उत्तर शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि हजेरीपटात आहे. तेथे प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख असते. ‘किती’ या प्रश्नासाठी नोंदवही उपलब्ध असताना मते विचारणे म्हणजे घड्याळ समोर असताना किती वाजले असतील यावर मतदान घेण्यासारखे आहे.

पण नोंदवही उघडली म्हणून काम संपले असेही नाही. समजा, एका शाळेत दहा वर्षांपूर्वी पहिलीत ४० मुले होती आणि आज २२ आहेत. १८ मुले कमी झाली. ती सगळी दुसऱ्या माध्यमात गेली का? त्यासाठी त्या भागातील सर्व माध्यमांच्या पहिलीतील मुलांची संख्या पाहावी लागेल. समजा, ती तेव्हा २०० होती आणि आज १६० आहे. म्हणजे मुळात मुलेच कमी झाली. घरात अपत्ये कमी झाली असतील किंवा कुटुंबे दुसरीकडे राहायला गेली असतील.

पूर्वी २०० पैकी ४० मुले या शाळेत, म्हणजे शंभरात २० येत होती. आजही तेच प्रमाण राहिले असते तर १६० पैकी ३२ मुले आली असती. म्हणजे घटलेल्या १८ पैकी ८ मुले भागातील मुलेच कमी झाल्यामुळे घटली, आणि उरलेली १० मुले वाटा कमी झाल्यामुळे घटली. ‘पालक मराठी माध्यम का सोडतात’ हा पुढचा प्रश्न या दहांपुरता आहे. ८ मुलांसाठी पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. हा हिशेब न करता ‘पट जवळजवळ निम्म्यावर आला, कारण पालकांची मानसिकता’ असे लिहिणारे प्रबंध एका आकड्यात दोन गोष्टी मिसळतात.

दुसरा प्रश्न : पालक मराठी माध्यम का सोडतात?

येथे आराखड्यातील सर्वांत मोठी फट आहे. प्रश्नावली पाच मराठी शाळांतील मुलांच्या हाती जाणार, म्हणजे ती ज्या घरांत पोहोचेल त्या घरांतील मुले मराठी शाळेतच आहेत. ज्यांनी मराठी माध्यम सोडले किंवा ज्यांनी ते कधी निवडलेच नाही, त्यांच्यापैकी एकही घर या २०० मध्ये जवळजवळ येणार नाही. राहिलेल्यांना विचारून गेलेल्यांची कारणे शोधण्याचा हा प्रकार आहे.

कुणी म्हणेल, शेजाऱ्यांची मते तरी कळतील. पण त्यातून फसगत कशी होते पाहा. समजा, २०० पैकी १५० पालकांनी ‘चांगल्या नोकरीसाठी इंग्रजी माध्यम आवश्यक आहे’ या विधानावर सहमतीची खूण केली. संशोधक लिहील, ‘७५ टक्के पालकांच्या मते नोकरी हे मराठी माध्यम सोडण्याचे कारण आहे.’ पण या दीडशे पालकांनी तसे मत असूनही आपली मुले मराठी शाळेतच ठेवली आहेत! मग ज्यांनी सोडले त्यांना सोडायला लावणारी गोष्ट केवळ हे मत असेल का? सोडून गेलेल्या पालकांतही ७५ टक्केच तसे म्हणत असतील, तर हे मत दोन्हीकडे सारखेच आहे आणि त्याने काहीच उलगडत नाही. खरे कारण शाळेजवळून जाणारी बस, पुढे आठवीची सोय नसणे, थोरल्या भावाची शाळा किंवा आणखीच काही असू शकेल. ते दोन्ही गटांना विचारल्याशिवाय कळणार नाही.

काय-वर्ग कसोटीचा खुलासाही येथेच करतो, कारण आराखड्यांत तिचे नाव नेहमी असते. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे की नाही हे ही कसोटी पाहते. उदाहरणार्थ, आईचे शिक्षण आणि निवडलेले माध्यम. त्यासाठी दोन्हीकडे किमान दोन गट लागतात. आईचे शिक्षण ‘दहावीपर्यंत’ आणि ‘दहावीच्या पुढे’ असे विभागता येईल. पण माध्यमाच्या बाजूला सर्वच्या सर्व २०० घरे ‘मराठी’ याच गटात आहेत. दुसरा गट रिकामा असताना या प्रश्नासाठी कसोटी लावताच येत नाही. आराखडा तपासणाऱ्याने एवढेच विचारावे : कसोटीच्या तक्त्यात उभ्या आणि आडव्या रकान्यांत कोणते गट बसणार ते काढून दाखवा. तक्ता काढता आला नाही की चूक उघड होते.

मग हे उत्तर मिळवायचे कसे? यासाठी ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ पाहणी ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्रामीण भागातील मुले किती वाचू शकतात हे पाहण्यासाठी ही पाहणी २००५ मध्ये सुरू झाली. पाहणी करणारे स्वयंसेवक मुलांची चाचणी शाळेत घेत नाहीत, ते घरोघरी जातात. जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे अशी तिची रीत आहे. शाळेत चाचणी घेतली असती तर त्या दिवशी गैरहजर असलेली, शाळा सोडलेली आणि कधीच शाळेत न गेलेली मुले सुटली असती. प्रश्न होता ‘सर्व मुले’ आणि सर्व मुले घरीच सापडतात, म्हणून पद्धतीने घराची वाट धरली.

आपल्या संशोधकालाही शाळेबाहेर पडून गल्लीत जावे लागेल. अंगणवाडीच्या नोंदवहीत त्या भागातील तीन ते सहा वर्षांच्या मुलांची नावे असतात. योग्य ती परवानगी घेऊन तेथून, किंवा ठरावीक गल्ल्यांत घरोघर फिरून, गेल्या वर्षी पहिलीत गेलेल्या मुलांच्या घरांची यादी करता येईल. त्या यादीत मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांची घरे येतील. प्रत्येक माध्यमातून साधारण सारखी घरे घेतली की तुलना करता येते.

शिवाय ‘का’ या प्रश्नाला तीन चौकोनांची प्रश्नावली अपुरी पडते. संशोधकाने ४० विधाने लिहिली तर पालकाला त्या ४० कारणांतलेच निवडता येते; एकेचाळिसावे कारण असेल तर ते कुठे लिहिणार? म्हणून प्रथम १२ ते १५ घरांत बसून मोकळेपणाने बोलावे आणि त्यातून निघालेल्या कारणांवर मग प्रश्नावली बांधावी. बोलतानाही ‘तुम्ही इंग्रजी माध्यम का घेतलेत?’ असे थेट विचारले की शोभेल असे उत्तर येते. त्यापेक्षा घडले ते विचारावे : दाखल्यापूर्वी कोणत्या शाळा पाहिल्या, बरोबर कोण होते, थोरले मूल कोठे शिकते, फी किती सांगितली, कोणत्या दिवशी नक्की ठरले. घटनांच्या क्रमातून कारण आपोआप पुढे येते.

आपल्या भागात आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. यंत्रमागावर पाळीने काम करणाऱ्या घरांत मुलाच्या हाती आलेला कागद बऱ्याचदा थोरली बहीण भरते आणि वडील सही करतात. मग ती मते पालकांची की बहिणीची? घरी जाऊन, पाळीची वेळ सांभाळून, समोर बसून विचारले तर हा संशय राहत नाही.

तिसरा प्रश्न : माध्यमाचा वाचनावर परिणाम

‘परिणाम’ हा शब्द आराखड्यांत सढळ हाताने येतो, आणि त्याचे उत्तर मिळवणे सर्वांत अवघड असते. चौथ्या रकान्यात येणारे वाक्य पाहा : ‘२५ पैकी २१ शिक्षकांच्या मते मातृभाषेतून शिकणारी मुले चांगले वाचतात.’ येथे एकाही मुलाने एक ओळसुद्धा वाचलेली नाही.

बरे, मुलांना वाचायला दिले तर? ‘असर’च्या साधनात अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या आहेत. तसे साधन घेऊन दोन्ही माध्यमांच्या मुलांची चाचणी घेता येईल. मराठी शाळेतील मुले पुढे निघाली किंवा मागे पडली, तर तो माध्यमाचा परिणाम म्हणता येईल का? नाही. ज्या घरांनी जास्त फी भरून मूल दुसरीकडे घातले त्या घरांत आई-वडिलांचे शिक्षण, शिकवणी, पुस्तके हे सारे वेगळे असू शकते. मुले शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच वेगवेगळ्या ठिकाणी उभी होती. एका दिवशी घेतलेल्या चाचणीतून फरक दिसतो. तो कशामुळे पडला हे दिसत नाही. आणखी एक पेच म्हणजे इंग्रजी माध्यमातील मुलाची चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची? मराठीत घेतली तर त्याच्यावर अन्याय, इंग्रजीत घेतली तर तुलना सुटते.

येथे संशोधकापुढे दोन वाटा आहेत. पद्धत वाढवायची, म्हणजे पहिलीच्या आरंभी दोन्हीकडच्या मुलांची तयारी पाहायची, घरची परिस्थिती नोंदवायची आणि त्याच मुलांना दोन वर्षांनी पुन्हा तपासायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. त्यात हे बसू शकेल, पण मग बाकीचे तीन प्रश्न सोडावे लागतील. दुसरी वाट म्हणजे प्रश्न लहान करायचा : ‘मराठी शाळांतील तिसरीची मुले मराठीत कोणत्या पायरीपर्यंत वाचतात?’ यात ‘परिणाम’ नाही, पण जे लिहिले जाईल ते खरे असेल आणि शाळेला लगेच उपयोगी पडेल.

चौथा प्रश्न : शिक्षक वर्ग कसा चालवतात?

‘कसे’ हा प्रश्न पाहण्याचा आहे. शिक्षकांच्या प्रश्नावलीत ‘मी दोन्ही इयत्तांकडे समान लक्ष देतो’ असे विधान ठेवले तर असहमत कोण होईल? एखादे शिक्षक प्रामाणिकपणे खूण करतील, पण त्यांचा दिवस कसा जातो हे त्या खुणेतून कळणार नाही. त्यासाठी वर्गाच्या मागच्या बाकावर बसावे लागेल.

समजा, तीन शाळांतील तीन वर्ग निवडले आणि प्रत्येक वर्गात चार दिवस पूर्ण वेळ बसले. दर पाच मिनिटांनी तीन गोष्टी टिपायच्या : गुरुजी किंवा बाई कोणत्या इयत्तेशी बोलत आहेत, दुसरी इयत्ता त्या वेळी काय करीत आहे आणि फळ्यावर काय आहे. पहिल्या दिवशी परका माणूस बसल्यामुळे वर्ग थोडा सजलेला असतो; म्हणून तो दिवस हिशेबात धरू नये. उरलेल्या दिवसांच्या नोंदींतून एक इयत्ता किती वेळ बिनकामाची बसते, बाई कोणती युक्ती वापरतात, अडते कोठे हे स्पष्ट होते. शेवटी त्याच नोंदी समोर ठेवून शिक्षकांशी बोलावे.

यालाही मर्यादा आहे. तीन वर्ग पाहून ‘बेळगावातील मराठी शाळांत असे होते’ असे म्हणता येणार नाही. या संदर्भात डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचे काम आठवते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य असताना त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या एकाच गावाची जमीन, पिके, कर्ज आणि मजुरी यांची घरोघर पाहणी केली. ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. पण हे गाव शहराला लागून होते आणि तेथील लोकांना बाहेर काम मिळण्यासारखे होते. त्यावरून दख्खनच्या गावांबद्दल किती बोलता येईल? मॅन यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह शहरापासून दूर असलेले, कोरडवाहू शेतीचे जातेगाव बुद्रुक हे दुसरे गाव घेतले आणि तो अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या प्रश्नाला लहान पद्धत अपुरी पडत असेल तर पद्धत वाढवावी लागते, याचे हे जवळचे आणि जुने उदाहरण आहे. आपल्या संशोधकाला दुसरे गाव घेणे जमणार नसेल, तर त्याने प्रश्नातच ‘निवडलेल्या तीन वर्गांत’ असे लिहावे. त्यात कमीपणा काही नाही.

चूक लपते कोठे?

एवढी उघड विसंगती मार्गदर्शकांच्या आणि सल्लागार समितीच्या नजरेतून कशी सुटते, असे कुणाला वाटेल. आमच्या मते त्याचे कारण प्रकरणांच्या मांडणीत आहे. चौथे प्रकरण ‘पालकांकडून मिळालेली माहिती’, पाचवे ‘शिक्षकांकडून मिळालेली माहिती’. म्हणजे प्रकरणे माणसांप्रमाणे लावली आहेत, प्रश्नांप्रमाणे नाहीत. चाळीस विधानांचे चाळीस तक्ते एकापाठोपाठ येतात, पाने भरतात, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नक्की कोणत्या पानावर आहे हे कुणी विचारत नाही.

तोच आराखडा प्रश्नागणिक लावून पाहा. चौथे प्रकरण ‘पट किती घटला आणि त्यातील माध्यमबदलाचा वाटा किती’, पाचवे ‘कोणती कुटुंबे कोणते माध्यम निवडतात आणि निर्णय कसा होतो’, सहावे ‘निवडलेल्या तीन जोडवर्गांतील एक आठवडा’. वाचनाचा प्रश्न वेगळ्या अभ्यासासाठी बाजूला ठेवला. प्रत्येक प्रकरणाच्या नावाखाली ‘माहिती कोठून’ अशी एक ओळ लिहिली : जनरल रजिस्टरे आणि सर्व शाळांची पहिलीची संख्या, तिन्ही माध्यमांतील घरे, वर्गनिरीक्षण. आता एखादे प्रकरण रिकामे राहणार असेल तर ते आजच दिसेल.

शीर्षकातील ‘उपाय’ या शब्दाचीही झडती घ्यावी. चार प्रश्नांपैकी एकही उपायांबद्दल नव्हता आणि एकही उपाय करून पाहिलेला नव्हता. तरीही शेवटच्या प्रकरणात ‘शासनाने, संस्थांनी, पालकांनी काय करावे’ अशा पंधरा शिफारशी येणार होत्या. ज्या शिफारशीमागे आधीच्या प्रकरणातील पान क्रमांक दाखवता येत नाही ती गाळावी. नवे शीर्षक एवढेच पुरे : ‘बेळगाव शहराच्या एका भागातील मराठी प्राथमिक शाळांचा पट आणि पालकांची माध्यमनिवड’.

पालकांनी आणि विश्वस्तांनी काय पाहावे?

पालकहो, मुलाच्या दप्तरातून प्रश्नावली आली तर ती जरूर भरावी. पण ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक नाही तेथे ‘सांगता येत नाही’ ही खूण बिनदिक्कत करावी. शेजाऱ्याने मुलाची शाळा का बदलली हे आपल्याला विचारले असेल, तर कागदाच्या तळाशी तसे लिहावे. संशोधकाला त्यातून आपली चूक वेळेवर कळेल.

विश्वस्तांपुढे एखाद्या प्रबंधातील आकडा आला, की प्रथम तो कुणाला विचारून काढला आहे ते पाहावे. वरच्या उदाहरणातील ७५ टक्क्यांवर भरवसा ठेवून एखाद्या संस्थेने सर्व पैसा इंग्रजीच्या जादा तासांवर घातला, आणि मुले प्रत्यक्षात आठवीची सोय नाही म्हणून जात असली, तर पुढच्या जूनमध्येही पहिलीची बाके रिकामीच राहतील. दोन्ही गटांना विचारलेला अभ्यास असेल तरच खर्चाचा निर्णय त्यावर उभा करावा.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हाच कागद वापरता येईल. ‘आमच्या गल्लीत पाणी किती वाया जाते?’ असा विषय घेतला असेल, तर वीस काकूंना ‘पाणी वाया जाते असे वाटते का?’ हे विचारू नका. गळत्या नळाखाली एक लिटरची बाटली धरा, ती भरायला किती मिनिटे लागतात ते पाहा आणि दिवसाचा हिशेब मांडा. बाटली दहा मिनिटांत भरली तर त्या एका नळातून दिवसाला १४४ लिटर पाणी जाते. आता गल्लीतील असे नळ मोजायचे तेवढे उरले.